साताऱ्याच्या सहलीतला एक दिवस मुलांच्या ताब्यात: नवख्या आईबापांसाठी

मागच्या वर्षी महाबळेश्वरला ऑर्थर सीटवर आम्ही चौघे कड्याच्या कठड्याशी उभे होतो आणि आमचा ओम गाडीत मागच्या सीटवर मोबाइल छातीवर ठेवून आडवा पडला होता. "उतर की रे, एवढं लांब आलोय." "तुम्ही बघून या, मी फोटोत बघतो." वय वर्षं बारा. त्याची बहीण सई उतरली होती, पण कानातले इअरफोन काही निघाले नव्हते.

सांगलीला परतताना कराडच्या आसपास सासूबाई म्हणाल्या, "पोरांना इचारलं होतंस का, कुठं जायचं?" विचारलं होतं. आदल्या रात्री, जेवताना. सईनं दोन नावं घेतली, ती लांब पडतील म्हणून आम्ही खोडली. ओमनं गो-कार्टिंग म्हटलं, त्यावर हे म्हणाले, "ते काय इथं येऊन करायचं?" त्यानंतर दोघांनी "तुम्हीच ठरवा" म्हटलं आणि आम्ही ठरवलं.

या डिसेंबरात तीन दिवस साताऱ्याला गेलो तेव्हा मधला अख्खा दिवस दोघांच्या हातात दिला. सई पंधराची, ओम तेराचा, सोबत चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. हे कसं केलं, कुठं फसलं आणि पुन्हा करताना काय बदलेन ते इथं क्रमानं लिहिते. मुलं साधारण बारा ते सतरा वर्षांची असतील तर हे जमतं. त्याहून लहानांना पूर्ण दिवस जड जातो, त्यांना अर्धी सकाळ द्या.

१. दिवस मधला द्या, आणि अख्खा द्या

पहिला दिवस देऊ नका. सांगलीहून सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. निघायला उशीर होतो, मुक्कामी पोचून सामान टाकेपर्यंत दुपार होते, आणि पोरांच्या वाट्याला उरलेसुरले चार तास येतात. शेवटच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष परतीवर असतं, कोणीतरी कंदी पेढ्यांच्या दुकानात अडकतं. मधल्या दिवसाला दोन्ही बाजूंनी धक्का लागत नाही.

अख्खा दिवस म्हणजे उठण्याच्या वेळेपासून रात्रीच्या जेवणापर्यंत. "सकाळी आपण सज्जनगड करू, दुपारनंतर तुमचं" हे आम्ही आधी ठरवलं होतं. सईनं लगेच ओळखलं, "म्हणजे दमल्यावर जे उरेल ते आमचं." बरोबरच होतं तिचं. सज्जनगड सासूबाईंसाठी तिसऱ्या दिवशी सकाळी ठेवला.

आणि हे निघायच्या आधी निदान दहा-बारा दिवस सांगा. आदल्या रात्री हातात दिलेला दिवस म्हणजे पोरांना न शिकवता परीक्षेला बसवणं.

२. कुंपण आधी सांगा, नंतर सरकवू नका

"तुम्हाला हवं ते करा" असं म्हटलं की मुलं एक तर अशक्य काहीतरी मागतात, नाहीतर काहीच मागत नाहीत. आम्ही चार अटी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या.

एक, पैसे. दिवसाचे ४००० रुपये, त्यात पाच जणांचं खाणं, तिकिटं, बोट, पार्किंग, सगळं. पेट्रोल आणि मुक्काम आमच्याकडे. दोन, रात्री साडेआठच्या आत खोलीवर. तीन, दिवसभरात एकच घाट. चार, आजीला जिथं येता येणार नाही तिथं तिला बसायला सावली, पाणी आणि जवळ स्वच्छतागृह हवं, आणि ती तासाभरापेक्षा जास्त एकटी राहणार नाही.

तिसरी अट साताऱ्यासाठी खास आहे, म्हणून थोडं सांगते. शहरातून पश्चिमेला यवतेश्वरचा घाट चढला की कास पठार आणि पुढं बामणोली. दुसरी वाट परळीकडं, तिच्यावर सज्जनगड, मग ठोसेघर आणि वर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. नकाशावर ही दोन टोकं बोटभर अंतरावर दिसतात. मुलं पहिल्या कच्च्या आराखड्यात हमखास सकाळी कास आणि दुपारी ठोसेघर लिहितात. मधे डोंगर आणि दरी आहे, आणि दोन्हीकडची वळणं एका दिवशी पोटात घेतली की संध्याकाळी कोणीतरी उलटी करतं. आमच्या घरात तो मान ओमचा आहे. त्यामुळे ही अट त्याला पटवावी लागली नाही.

सुरक्षिततेचा निर्णय मात्र मोठ्यांचाच, आणि तो अटींत धरू नका, वेगळा सांगा: पाण्यात उतरायचं नाही, बोटीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही, कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी नाही. यावर चर्चा होत नाही. बाकी सगळ्यावर नकार देण्याचा हक्क आपण सोडलेला असतो, हे स्वतःला बजावून ठेवा. कारण पहिल्या आठवड्यातच परीक्षा येते. सईनं दिवसाची सुरुवात "८.३० - उठणे" अशी लिहिली तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सहलीला जाऊन साडेआठपर्यंत झोपायचं! पण चारपैकी एकही अट त्यानं मोडत नव्हती. गप्प बसले.

३. "तुम्हीच ठरवा" म्हणाली तर

म्हणणारच. आधी दोन-तीन वेळा त्यांनी सुचवलेलं खोडलेलं असतं, ते पोरं विसरत नाहीत. अशा वेळी "कुठं जायचं" हा प्रश्न बाजूला ठेवा. या वयात ठिकाणांची नावं त्यांना पाठ नसतात, पण दिवस कसा असावा हे नेमकं माहीत असतं. मी तीन गोष्टी विचारल्या. उठायचं किती वाजता? काय खायचं? आणि बघण्याऐवजी हातापायांनी करायचं असं एक काय?

तिसऱ्या प्रश्नानं गाडी सुटली. ओम म्हणाला, "बोट." सई म्हणाली, "मला जुनं काहीतरी हवं, पण जिथं गाइड मागं लागत नाही आणि खाली उतरता येतं असं." मग ठिकाणं शोधणं हे त्यांचं काम झालं.

दोघं भावंडं असतील तर दिवस सकाळ-दुपार असा वाटून देऊ नका. आम्हीही आधी तेच करणार होतो. मग ज्याची पाळी नाही तो पुन्हा मागच्या सीटवर आडवा. त्यापेक्षा कामं वाटा. सईकडे वेळापत्रक आणि फोन, ओमकडे पैसे आणि नकाशा. एकाच्या सहीशिवाय दुसऱ्याचं काही पक्कं होत नाही. भांडणं झाली, पण ती आमच्याशी नव्हती, आपापसात होती, आणि "तुझ्या बोटीला एवढे गेले तर खायला काय उरतं?" अशी कामाची होती.

४. रीलचा महिना तपासा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मुलं ठिकाणं शोधतात ती रीलवर, आणि साताऱ्याच्या रील बहुतेक पावसाळ्यातल्या असतात.

सईची पहिली पसंती होती कास. गुलाबी-जांभळ्या फुलांचा गालिचा, वर ढग. कास पठार पश्चिम घाटाच्या यादीतून २०१२ साली जागतिक वारसा स्थळ झालं, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत. पण ती फुलं साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि भर सप्टेंबरात. त्या हंगामात आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं आणि दिवसाची संख्या ठरलेली असते. डिसेंबरात त्याच जागी जांभ्या दगडाचं तपकिरी, वाळकं गवत पांघरलेलं माळरान असतं. मला ते आवडतं, पण रील बघून आलेल्या पोरीला ते दाखवलं तर ती "फसवलं" असंच म्हणणार.

ओमचं ठोसेघर तसंच. त्याच्या रीलमध्ये पांढरा शुभ्र लोट दरीत कोसळत होता. तो जुलै-ऑगस्टचा. डिसेंबरात धार बारीक झालेली असते.

हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा तेच, आईनं खोडलं. त्याऐवजी एक नियम दिला: प्रत्येक ठिकाणाचे डिसेंबरातलेच तीन फोटो शोधून दाखवायचे, कोणाच्याही परीक्षणातले, तारखेसकट. गुगल मॅप्सवर ठिकाणाखालची लोकांची परीक्षणं "नवीन आधी" अशी लावली की त्यातल्या फोटोंचा महिना कळतो. अर्ध्या तासात ठोसेघर यादीतून गेलं. कास "फुलं नाहीत, पण सूर्यास्ताला जाता येईल" म्हणून खाली सरकलं. दोन्ही निर्णय त्यांचे.

तिसरं नाव वासोट्याचं होतं, आणि ते ऋतूनं नाही, गणितानं पडलं. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यायची, बोटीनं शिवसागर जलाशय ओलांडून किल्ल्याच्या पायथ्याशी जायचं, त्यात सव्वा ते दीड तास, मग जंगलातून दोन तासांच्या आसपास चढ, आणि संध्याकाळच्या आत परत बोटीत. रात्री वर राहता येत नाही. सईनं उलटं मोजत आणलं तेव्हा साताऱ्यातून पहाटे पाचला निघावं लागत होतं. "साडेआठला उठायचं" हे वाक्य तिनंच आधी लिहिलेलं! शिवाय आजीची अट. वासोटा कागदावर राहिला, पुढच्या खेपेला बाबांबरोबर दोघंच, असं लिहून.

उरलं काय? लिंबची बारा मोटांची विहीर आणि बामणोलीची बोट. विहीर सईला एका फोटोत सापडली. साताऱ्याहून पुण्याच्या बाजूला, महामार्गापासून थोडं आत लिंब गाव आहे, शहरातून अर्धा तास. घाट नाही. म्हणजे "एकच घाट" ही अटही मोडत नव्हती. दर्शनी भागात फार काही दिसत नाही, म्हणून बऱ्याच सहलींच्या यादीतच ही विहीर नसते.

५. वेळापत्रक मुलांनीच लिहायचं, फोन मुलांनीच करायचे

कागदावर तीन रकाने: किती वाजता, काय, आणि चुकलं तर काय सोडायचं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो नसला तर उशीर झाल्यावर भर रस्त्यात निर्णय घ्यावा लागतो, आणि मग ड्रायव्हिंग सीटवरचा माणूस तो घेऊन टाकतो.

घाटातल्या वेळेला दीडपट हा साधा हिशेब शिकवा. मोबाइल सातारा ते बामणोली एक तास दाखवत असेल तर दीड धरायचा. अंतर पस्तीसेक किलोमीटरच आहे, पण वळणं, समोरून येणारी एसटी, आणि "थांबा, फोटो" हे मोबाइलच्या हिशेबात नसतं.

फोन करायला पोरं लाजतात. या वयाला मेसेज चालतो, बोलणं नको वाटतं. बोटीची चौकशी सईनं करायची होती, ती दोन दिवस टाळत होती. शेवटी मी तिला विचारायचे चार प्रश्न कागदावर लिहून दिले: बोट किती वाजेपर्यंत सुटते, दर बोटीला की माणशी, बोटीत किती जण बसतात, वयस्कर माणसाला चढता येईल का. दर सहसा अख्ख्या बोटीचा असतो आणि कुठवर जायचं त्यावर ठरतो, हे तिला या फोनवरून कळलं. दर बदलत राहतात, म्हणून जायच्या आठवड्यातच विचारा.

त्यांचा शेवटचा कागद असा होता:

८.३० उठणे. ९.३० निघणे. १० ते ११.१५ लिंबची विहीर. १२.१५ ते १.१५ साताऱ्यात जेवण. १.३० निघणे. ३ वाजता बामणोली, बोटीनं कोयना, सोळशी आणि कांदाटी नद्यांच्या संगमापर्यंत. ४.३० परत निघणे. ६ वाजता कासवर सूर्यास्त. ७.३० राजवाड्याजवळच्या गाड्यांवर खाणं. ८.३० खोली.

तिसऱ्या रकान्यात ओमच्या अक्षरात: "उशीर झाला तर संगम कॅन्सल, छोटी फेरी. सूर्यास्त कॅन्सल नाही." सूर्यास्त सईचा होता, बोट त्याची. त्यानं स्वतःचं कमी केलं होतं. कसं पटवलं होतं तिनं, ते मला आजवर कळलेलं नाही.

दिवसात दोनच मोठी ठिकाणं आहेत बघा. पोरांच्या पहिल्या यादीत सात होती. मी फक्त फोटोंचा आणि दीडपटीचा नियम लावायला सांगितला, पाच आपोआप गळली. यादी सातची सातच राहिली तर समजा की ती कुठल्या तरी वेबसाइटवरून जशीच्या तशी उतरवलीय, अजून त्यांची झालेली नाही.

६. पैसे आदल्या रात्री हातात द्या, रोख

आमच्या मोबाइलवरून आम्हीच पैसे देत राहिलो असतो तर "ओमकडे पैसे" हे नुसतं नाव राहिलं असतं. ४००० रुपये पाकिटात घालून दिले, त्यात १०० च्या नोटा भरपूर. याला दुसरंही कारण आहे: कासच्या पुढं रेंज येते-जाते, आणि ऑनलाइन पैसे नेमके बोटीपाशी अडकतात.

ओमनं पाकिटातच घड्या घालून भाग केले. खाणं १६००, बोट १५००, किरकोळ ४००, आणि ५०० "हात लावायचा नाही". आम्ही हे सुचवलेलं नव्हतं. माझ्या सासूबाई किराण्याचे पैसे असेच डब्याडब्यांत ठेवतात, तिथून आलं असणार.

उरलेले पैसे मुलांचे, हे आधी सांगा. तसं न सांगितल्यास शेवटच्या तासाला उरलेल्या पैशांचं आइस्क्रीम होतं. पण ह्याची दुसरी बाजूही आहे: काही मुलं पैसे वाचवायला जेवण कापतात. म्हणून दुपारी बसून पूर्ण जेवण ही एक गोष्ट पक्की ठेवा.

७. त्या दिवशी तुम्ही काय करायचं नाही

खरी कसोटी आईबापांची आहे. "मी म्हटलं होतं ना" हे वाक्य त्या दिवशी बंद. ओमनं त्याला दंड लावला, दर वेळी ५० रुपये त्यांच्या पाकिटात. दिवसअखेर ह्यांचे १०० आणि माझे ५० गेले.

पहिला दंड दहाला पाच मिनिटं असताना. निघायची वेळ साडेनऊ. सासूबाई आठ वाजल्यापासून शाल घेऊन तयार, आणि ओमला चार्जर सापडेना. ह्यांच्या तोंडून गेलंच. निघालो दहा वाजून दहा मिनिटांनी. आधीच मागं.

लिंबला मात्र उलटंच झालं. विहीर अष्टकोनी आहे, तोंडाशी सुमारे ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान बांधलेली. पायऱ्यांनी आत उतरलं की दगडी कमानी, कोरीव शिल्पं, आणि विहिरीच्या पोटातच वर बसायला महालासारखी जागा. सई फोटो काढण्यात, ओम मोटा लावायच्या जागा मोजण्यात. बारा भरतात की जास्त, यावर वाद. मोट म्हणजे नेमकं काय हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं.

सासूबाई खाली उतरल्या नाहीत, वरच कट्ट्यावर बसल्या होत्या. त्यांनी तिथून सांगायला सुरुवात केली. त्यांच्या माहेरी मोट होती. कातड्याची पखाल, तिला वरच्या तोंडाला नाडा म्हणजे जाड दोर आणि खालच्या सोंडेला सोंदूर म्हणजे बारीक दोर. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून जाणाऱ्या उतारावरून, खाली उतरायला लागले की मोट वर यायची आणि काठावरच्या थारोळ्यात पाणी ओतायची. मग बैल उलटे मागं चालत यायचे. "उलटे?" ओमचा विश्वास बसेना. "मग! आणि मोटकरी नाड्यावर बसायचा, गाणं म्हणत." ओमनं आजीला धाव कुठं असेल ते दाखवायला लावलं. ती काठी टेकत टेकत उठली आणि दाखवलं. मी सव्वाअकराला घड्याळ बघितलं, तोंड उघडलं नाही. तिथून हललो सव्वाबाराला.

आता एक तास मागं होतो. इथं मोठ्यांना वाटतं, आपण हळूच सावरून घ्यावं. घेऊ नका. गाडीत सईनं कागद काढला. "जेवण पाऊण तासात, आणि संगम कॅन्सल." ओम काही बोलला नाही. जेवायला त्यांनी निवडलेलं ठिकाण गर्दीनं भरलेलं, वीस मिनिटं थांबा म्हणाले. मला जवळची तीन ठिकाणं माहीत होती. विचारलं असतं तर सांगितलं असतं. (हा फरक लक्षात ठेवा: विचारलं तर सांगायचं, सुचवायचं नाही.) त्यांनी विचारलं नाही, शेजारच्या खानावळीत घुसले, पाचही थाळ्या. पोळ्या जरा जाड होत्या. जाड आहेत असं मी म्हटलं, दंड बसला नाही, पण सईनं बघितलं.

बामणोलीला साडेतीनला पोचलो. मोठी फेरी वेळेत बसत नव्हती, तिसऱ्या रकान्याप्रमाणे छोटी घेतली. बोटवाल्या दादांशी बोलणी ओमनं केली आणि आजीला चढवताना हात कोणी कुठं धरायचा हेही त्यानंच ठरवलं. पाणी स्थिर, दोन्ही बाजूंना डोंगर, इंजिनाचा आवाज एवढा की बोलता येत नाही. अर्ध्या वाटेत दादांनी ओमला दोन मिनिटं शेजारी उभं करून पुढची वाट दाखवली. फोन खिशातच होता. छोट्या फेरीला १५०० लागले नाहीत, उरलेले त्यानं "हात लावायचा नाही" मध्ये टाकले.

सूर्यास्त कासवर गाठायचा तर पावणेपाचला निघायला हवं होतं. आम्ही निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते, कारण सईला चहा हवा होता. हो, जिचा सूर्यास्त तिलाच. पठाराच्या अलीकडेच आभाळ लाल झालं. तिनं एका रुंद वळणापाशी, गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेता येईल अशी जागा बघून थांबायला सांगितलं. सगळे उतरले. ह्यांचा दुसरा दंड इथला: "चहा नसता घेतला तर..." ५० रुपये.

काम होतंय की नाही हे प्रश्नांवरून कळतं. आदल्या वर्षी दर अर्ध्या तासानं "अजून किती वेळ?" होतं. त्या दिवशी "शेवटची बोट किती वाजता सुटते?" आणि "इथून राजवाडा किती लांब?" असे प्रश्न होते. उलट, मूल स्वतःच्या आराखड्यातल्या ठिकाणीही गाडीतून उतरत नसेल तर तो आराखडा बहुधा भावंडाचा किंवा तुमचा असतो. त्याच रात्री सांगा, उद्याच्या दिवसातली एक गोष्ट तू बदल.

८. रात्री दहा मिनिटं हिशेब

खोलीवर आल्यावर ओमनं पाकीट गादीवर उपडं केलं. उरले ७१०, त्यात दंडाचे १५०. कागदाच्या मागं दोघांनी तीन ओळी लिहिल्या: चार्जर आदल्या रात्री. जेवणाला दीड तास धरणे. आजीला प्रत्येक ठिकाणी आधी बोलू देणे, मग फोटो. आपण यात भर घालायची नाही, कितीही जीभ वळवळली तरी.

साताऱ्याऐवजी सांगलीला येणार असाल तर

पायऱ्या त्याच, दोन गोष्टी वेगळ्या. उन्हाळ्यात येत असाल तर दुपारी बारा ते चार आराखड्यात काहीच ठेवू देऊ नका. इथं ऋतूची अडचण फुलांची नाही, उन्हाची आहे. आणि वाद्यं वाजवणारं मूल असेल तर मिरजेची सतारमेकर गल्ली त्याच्या कानावर घाला. भोपळ्यापासून सतार आणि तानपुरा घडताना तिथं समोर दिसतात, आणि या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. कारागिरांची कामाची वेळ असते, म्हणून आधी फोन, आणि तो मुलानंच करायचा. संध्याकाळी हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. येताना भडंग.

सोबत काय हवं

- मुलांसकट सगळ्यांच्या आधार कार्डाच्या प्रती; मुक्कामाला मागतात, आणि वासोट्याचा बेत असेल तर परवानगीलाही ओळखपत्र लागतं.
- वेळापत्रकाच्या दोन कागदी प्रती. एक मुलांकडे, एक गाडीत. फोनमधला आराखडा रेंज गेली की उघडत नाही.
- नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवलेला, ज्याच्याकडे नकाशाचं काम त्याच्याच फोनवर.
- रोख पैशांचं पाकीट, सुट्ट्यांसह.
- घाट लागणाऱ्यांसाठी आवळा सुपारी आणि दोन जाड पिशव्या. पुढच्या सीटवर कोण बसणार हे आदल्या रात्रीच ठरवा.
- डिसेंबर-जानेवारीत कासच्या बाजूला संध्याकाळी गार वारा असतो. पोरं स्वेटर नको म्हणतील. गाडीच्या डिकीत गुपचूप टाका, याला दंड नाही.